माधुरी कंडक्टरची रंगीत टोकं

महाड आगारात माधुरी मोरेला सगळे आवाजावरून ओळखायचे. गाडी कितीही भरलेली असो, "पुढे सरका, पुढे सरका, मधे जागा हाय!" ही तिची हाक मागच्या बाकापासून थेट ड्रायव्हरच्या कानापर्यंत जायची. अंगावर खाकी, गळ्यात तिकिटाचं मशीन आणि डोक्यामागे भला मोठा अंबाडा. तो अंबाडा सोडला की केस कमरेखाली येतात हे गाडीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. ते माहीत होतं फक्त घरी, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या तिच्या वाडीत. तिथे सासू बयाबाई, चार शेळ्या, एक म्हैस आणि शेजारी चुलतजाऊ शकू. नवरा नीलेश मुंबईला एका कॅन्टीनमध्ये कामाला होता आणि सणावाराला यायचा.

माधुरीला नटायची फार हौस होती असं नाही. मंगळसूत्र, टिकली, झालं. पण एकदा सव गावच्या स्टॉपवर एक मुलगी गाडीत चढली आणि माधुरीचं तिकीट द्यायचंच राहिलं.

मुलगी कॉलेजची होती. पाठीवर मोकळे केस. वरून काळेभोर, आणि खाली येता येता ते कधी तपकिरी झाले, कधी तांब्यासारखे झाले, हे कळतच नव्हतं. माधुरीने त्या केसांवरून नजर वरून खाली नेली, खालून वर नेली. काळं कुठे संपलं ते सापडेना.

"मॅडम, महाड एक," मुलगी म्हणाली.

"हो हो," असं म्हणत माधुरीने तिकीट काढलं. पुढे ड्रायव्हर सहदेवकाका गाडी उभी करून वाट बघत होते. डबल बेल द्यायची राहिली होती.

"काय गो, झोप लागली का?" काका आरशातून ओरडले.

माधुरीने घाईघाईने दोरी ओढली आणि त्या मुलीशेजारी दांडा धरून उभी राहिली. "हे पार्लरमध्ये केलंस?"

"नाही मॅडम, घरीच. फक्त टोकं बुडवली."

"बुडवली म्हणजे?"

"ग्लासात रंग कालवायचा आणि टोकं..." एवढ्यात महाडचा स्टँड आला, मुलीला मैत्रिणीने हाक मारली आणि ती उतरून गेली. तिचं नाव दिशा, हे माधुरीला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्या दिवशी तिच्याजवळ एवढीच माहिती राहिली. ग्लास, रंग आणि बुडवायची टोकं.

नंतरचे काही दिवस तिच्या डोक्यात तेच. अंबाडा बांधताना टोकं हातात आली की ती थांबायची. ड्युटीवर कुणाला दिसणार नाही, अंबाड्याच्या आत जातील. घरी मोकळे सोडले की दिसतील. आपल्यापुरते. शिमगा जवळ आला होता. पालखी दारात येणार, नीलेश येणार, मुंबईहून अर्धी वाडी येणार.

सुट्टीच्या दिवशी ती महाडच्या बाजारात जाऊन ब्लीचची पावडर, ते कालवायचं क्रीम आणि तांबूस रंगाची ट्यूब घेऊन आली. दुकानातल्या बाईने सांगितलं, "काळ्या केसांवर रंग नुसता लावून दिसणार नाही. आधी ब्लीचने केस उजळायचे, मग रंग. आणि आधी कानामागे लावून बघा, खाज येते का." माधुरीने दोन्ही कान देऊन ऐकलं, कानामागे लावूनही पाहिलं. खाज आली नाही. पुढचं शकूवर सोपवलं.

शकू म्हणजे हाताने अतिशय नेटकी. तिच्या भाताच्या रोपांच्या ओळी वाडीत सगळ्यांत सरळ. तिचं अंगण शेणाने सारवलं की कडेला एक बोटभरही इकडे तिकडे होत नसे. माधुरीला वाटलं, हिच्यापेक्षा चांगला हात कुणाचा असणार?

दोघी पडवीत बसल्या. शकूने माधुरीच्या केसांचे दोन भाग केले, खालून वीतभर अंतर सोडून दोन्हीकडे रबर बांधले, आणि दोन्ही रबर एकाच उंचीवर आले की नाही हे दोनदा डोळा बारीक करून पाहिलं.

"रबराच्या वर थेंब जाऊ देणार नाय मी," ती म्हणाली. "बघच तू."

आणि खरंच जाऊ दिला नाही. प्लास्टिकच्या ग्लासात कालवलेलं पांढरं ब्लीच, त्यात एक एक शेपटा बुडवला. ग्लासातून काढून बोटांनी आतपर्यंत चोळला, म्हणजे मधले केस काळे राहू नयेत. रबराच्या कडेने ब्रशने शेवटचा हात फिरवला. केस पिवळट नारिंगी झाल्यावर धुतले, वाळवले, मग तांबूस रंगाचं तेच. बयाबाई ओट्यावर तांदूळ निवडत सगळं बघत होती. ती काही बोलली नाही, फक्त मधे एकदा शेळीला म्हणाली, "तू लांब बस गो, नायतर तुलाही बुडवतील."

रबर सुटले, केस वाळले, आणि माधुरीने आरशाकडे पाठ करून हातात दुसरा आरसा धरला.

वर काळं, खाली तांबडं. मधे रेघ. पट्टी ठेवून ओढावी तशी, कमरेपाशी या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ.

शकूने अभिमानाने विचारलं, "कसा झाला? सरळ आलाय ना?"

माधुरीने हातातला आरसा जरा वर, जरा खाली करून पुन्हा पाहिलं.

बयाबाईने तांदळाचं सूप खाली ठेवलं. "गो माधुरी, आपली ती बांडी शेळी हाय ना, अर्धी काळी, अर्धी तांबडी. तिच्यासारखाच दिसतोय."

माधुरीला हसू यायला हवं होतं. आलं नाही. शकूचा चेहरा पडला तेव्हा मात्र तिने पटकन म्हटलं, "छान केलंस गो. मलाच जरा वेगळं वाटलं होतं." पण सवच्या त्या मुलीच्या केसांत जे होतं ते इथे नव्हतं, आणि ते नेमकं काय नव्हतं हे तिला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ड्युटी. तिने नेहमीसारखा अंबाडा बांधला. टोकं आत जातील, असं तिला वाटलं होतं. पण अंबाडा गोल गोल फिरवत बांधायचा, आणि शेवटचा वीतभर भाग वरून वेढा घालून मग खाली खोचला जायचा. म्हणजे काळ्या अंबाड्यावर तांबड्या रंगाचा एक पट्टा. तिने उलटा बांधून पाहिला. पट्टा खालच्या बाजूला आला. पिना टोचल्या, जाळी लावली. जाळीतून पट्टा आणखी उठून दिसला.

आगारात राजेंद्र साहेबांनी ड्युटी देताना तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. "मोरेबाई, रिबीन लावलीय का?"

"नाय साहेब, केसच हायत."

"अस्सं," म्हणाले, आणि लगेच कागदात डोकं घातलं. गाडीत मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने विचारलं की केस भाजले का. पाचाडहून आलेल्या एका बाईने स्वतःची खोबरेल तेलाची बाटली पिशवीतून काढून दाखवली आणि रोज रात्री लावायला सांगितलं. एरवी माधुरी सगळ्यांना उत्तर द्यायची, चार शब्द जास्तच. त्या दिवशी तिचा "पुढे सरका" सुद्धा हळू आला. सहदेवकाकांनी चहाच्या वेळी विचारलं, "बरं नाय का?" ती म्हणाली, "बरी हाय."

संध्याकाळी नीलेशचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिने पदर डोक्यावर घेतला. "देवळात गेलीस काय?" तो हसला. "थंडी हाय," ती म्हणाली. फाल्गुनात.

फोन ठेवल्यावर ती आत गेली, कपाटातून कात्री काढली आणि आरशासमोर उभी राहिली. रेघेच्या वर कापलं की संपलं. वीतभर गेले तरी कंबरेपर्यंत उरतातच. तिने एका हातात केस धरले.

बयाबाई दारात येऊन उभी होती. "ठेव ती."

"आई, असंच फिरू काय?"

"केस तुझे, पण तेल मी घातलाय. नीलेशच्या बापाच्या आजारपणात तू रडत बसायचीस तेव्हा डोका मांडीवर घेऊन मी घालायची. कापायचा असेल तर आधी त्या पोरीला विचार, जिला बघून आलीस. तिचा असा नव्हता म्हणालीस ना?"

माधुरीने कात्री ठेवली. खरंच, विचारायचं राहिलंच होतं.

पण ती मुलगी रोज त्याच गाडीला नसायची. माधुरी सवच्या स्टॉपवर गाडी थांबली की खिडकीतून मान काढून बघायची. शेवटी एका सकाळी ती चढली. माधुरीने तिकीट देण्याआधीच तिला पाठ दाखवली, जाळी सरकवली.

मुलीने एक क्षण पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. मग हात काढला आणि हसून म्हणाली, "मॅडम, माझंही पहिल्या वेळी सेम टू सेम असंच झालं होतं! भावाने मला पेंटिंगचा ब्रश म्हणून हाक मारली होती."

माधुरीला आठवड्याभरात पहिल्यांदा हसू आलं. "मग आता?"

"ग्लास फक्त अगदी टोकांना हो. त्याच्या वरचं काम ब्रशचं. मला उतरायची घाई झाली म्हणून मी अर्धवटच सांगितलं. चूक माझीच." तिने मोबाइल काढला. "रविवारी मी येते. माझं नाव दिशा. तुम्ही फक्त एक गडद तपकिरी रंग आणून ठेवा, काळा नको. काळा घेतला तर दुसरी रेघ होईल. आणि ब्लीच थोडं शिल्लक आहे ना?"

रविवारी दिशा पोलादपूरला उतरली आणि माधुरी तिला घेऊन वाडीत आली. शकू आधीच पडवीत बसून होती, थोडी अवघडून. तिने कालवायला स्टीलची वाटी आणून ठेवली होती. दिशाने ती हळूच बाजूला सारली. "ब्लीचला धातू नको हं मावशी, प्लास्टिकचं द्या." शकूने पळत जाऊन आमरसाचा जुना प्लास्टिकचा डबा आणला.

दिशाने केस मोकळे सोडले, रेघ पाहिली आणि कौतुकाने म्हणाली, "एवढी सरळ रेघ कुणी काढली?"

शकूने मान खाली घातली. "मीच."

"मला अशी सरळ कधीच जमणार नाही. पण इथे सरळच नको ना. सगळे केस एकाच उंचीवर थांबले, म्हणून डोळा तिथेच अडकतो. आता ही रेघ दोन्हीकडून मोडायची. थोडा उजेड वर चढवायचा, थोडा काळोख खाली उतरवायचा."

तिने आधी रेघेखालच्या रंगीत भागाला कंडिशनर चोपडलं. तिथे ब्लीच एकदा बसलंय, पुन्हा बसलं तर केस तुटतील, असं तिने सांगितलं. मग केसांची एक बारीक बट घेतली, टोक घट्ट धरलं आणि फणी खालून वर उलटी मारली. अर्धे केस गुंता होऊन वर ढकलले गेले, हातात राहिले थोडेच.

"गुंता झाला ना, त्यातले केस आता रंगापासून लपले," दिशा म्हणाली. "जे बाहेर राहिले त्यांनाच ब्लीच लागणार. म्हणजे काही केस उजळतील, काही काळेच राहतील. तिथेच मऊपणा येतो."

ब्रश तिने आडवा धरला नाही. उभा धरून रेघेपासून वर, ब्रशच्या टोकाने, जेमतेम स्पर्श करत नेला. ब्रशला ब्लीच थोडंच, आणि वर जाता जाता हात उचलत. एक बट बोटभर वर, पुढची चार बोटं, त्यापुढची पुन्हा दोनच. कुठलीही शेजारीण दुसरीच्या उंचीला येणार नाही अशी.

शकू मान वाकडी करून बघत होती. तिचे हात स्वस्थ बसेनात. "मी करून बघू?"

दिशाने ब्रश दिला. शकूने पहिली बट घेतली, उलटी फणी मारली आणि सवयीने आडवा फटका मारायला गेली.

"उभा, उभा!" दिशा आणि बयाबाई एकदम ओरडल्या.

शकूने हात मागे घेतला, श्वास घेतला आणि ब्रश उभा केला. भातलावणीत ओळ चुकू नये म्हणून आयुष्यभर जपलेला तो हात, आता ओळ चुकवायला शिकत होता. दुसऱ्या बटेला जमलं. तिसरीला तिने स्वतःहून उंची बदलली. "हा वर, हा खाली," ती पुटपुटत राहिली. ओट्यावरून बयाबाई म्हणाली, "शकू, मांडवाच्या झालरीसारखा कर. कुठे लोंबता, कुठे वर."

"तसंच करते, आत्ये."

केस मधून मधून दिशा पुसून बघत होती. वरच्या बटा काळ्याच्या तपकिरी झाल्या की लगेच धुवायचं, पिवळं होईपर्यंत थांबायचं नाही, असं तिने सांगितलं. माधुरीने बंबात पाणी तापत ठेवलं होतं. दिशा म्हणाली, "एवढं गरम नको काकू. रंगाला कोमटच बरं, शेवटी तर गारच." 'मॅडम'चं 'काकू' झालं होतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

केस वाळल्यावर दुसरा अर्धा भाग. गडद तपकिरी रंग रेघेवरून खाली, तसाच उभा, तसाच वेडावाकडा, बोटांसारखा उतरवला. कुठे लांब बोट, कुठे आखूड. टोकांना पुन्हा तांबूस. जिथे तपकिरी आणि तांबूस भेटले तिथे दिशाने हातमोज्यातल्या बोटांनी केस चिमटीत धरून हलके हलके दाबले. "फणी नको आता, सगळं एकमेकांत ओढून निघेल. बोटंच बरी."

माधुरी एवढा वेळ पाटावर बसली होती, मान खाली घालून. पाय आखडून दुखायला लागले होते. गाडीत दिवसभर उभं राहून जेवढे दुखत नाहीत तेवढे. पण तिला बरं वाटत होतं. दोघी बायका तिच्या डोक्याशी झटत होत्या आणि तिला कुणालाही पुढे सरका म्हणायचं नव्हतं.

बयाबाईने मधेच तिच्या हातात चहा दिला. "डोका हलवू नको, मी धरते बशी."

शेवटचं पाणी गार होतं, माधुरी शहारली. केस उन्हात सुकले. दिशाने दोन आरसे धरले.

माधुरीने पाहिलं. वर काळं. मग काळ्यात कुठे कुठे उजळलेली एखादी बट, मग तपकिरी, मग तांबूस, आणि टोकांना जरा जास्तच तांबूस. तिने रेघ शोधली. होती कुठेतरी, डाव्या बाजूला मागे जरा, माहीत असलेल्याला दिसेल अशी. बाकी नाही.

"डावीकडे थोडी राहिलीय," दिशा प्रामाणिकपणे म्हणाली. "पुढच्या वेळी."

"राहू दे," माधुरी म्हणाली. आणि तिचा आवाज परत नेहमीसारखा झाला, वाडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. "शकू! बघ गो बघ!"

शकूने केस हातात घेतले, वरपासून खालपर्यंत पंज्यातून सोडले. "आता कुठे थांबला तेच कळत नाय," ती म्हणाली.

दिशाला त्यांनी जेवून जायला लावलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. जेवताना बयाबाईने तिला घरचं सगळं विचारून घेतलं, सवमध्ये कोणाच्या घरची, आई काय करते, आणि लग्नाचं काय, हेही. दिशाने ते लग्नाचं शिताफीने टाळलं. शेवटच्या गाडीला तिला बसवून माधुरी परत आली तेव्हा शकू अजून आरशासमोर उभी होती, स्वतःच्या केसांची टोकं हातात घेऊन.

शिमग्याला पालखी दारात आली. ढोल वाजत होते, पुरुष पालखी नाचवत होते. माधुरीने निरांजन ओवाळलं. केस मोकळे सोडून वरचे थोडे मागे पिनेने बांधले होते. नीलेश पालखीच्या दांड्याखालून बाहेर आला, घामाघूम, आणि तिच्याकडे बघत राहिला.

"काहीतरी वेगळं केलंयस."

"काय?"

त्याने बराच वेळ शोधलं. "नाय सापडत. पण छान दिसतेस." माधुरीला याहून मोठी पावती नको होती. तिने त्याला सांगितलंच नाही. संध्याकाळी बयाबाईनेच सगळं सांगून टाकलं, बांड्या शेळीसकट, आणि नीलेश इतका हसला की त्याला ठसका लागला.

सणात आलेल्या मुंबईच्या दोन पोरींनी विचारलं, "काकी, कोणत्या सलूनमध्ये?" माधुरीने शकूकडे बोट दाखवलं. शकू लाजली, पण दुसऱ्या दिवशी तिच्या पडवीत त्या पोरी ओळीने बसल्या होत्या आणि शकू ओरडत होती, "हलू नको गो, ब्रश आडवा होईल!"

माधुरीच्या अंबाड्यावर आता पट्टा नाही, एक हलकी तांबूस झाक असते. राजेंद्र साहेब काही विचारत नाहीत. गाडीतल्या कॉलेजच्या मुली मात्र विचारतात, आणि माधुरी तिकीट देता देता सगळं सांगते. कानामागे आधी लावून बघा, धातूची वाटी नको, ब्रश उभा धरा, सगळ्या बटा एका उंचीवर आणू नका. घाईत अर्धवट सांगायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं आहे. म्हणून कधीकधी मुलीचा स्टॉप निघून जातो, आणि सहदेवकाका आरशातून ओरडतात. तेव्हा माधुरी सिंगल बेल देते, गाडी थांबवते आणि त्या मुलीला उतरवताना उरलेलं वाक्य खिडकीतून पूर्ण करते.